प्रमोशन मागायला जायच्या आधी: रिझल्ट, टायमिंग आणि "नाही" आलं तर पुढे काय

मी डिप्लोमा करून चाकणच्या एका ऑटो पार्ट बनवणाऱ्या प्लांटमध्ये लागलो. मशीन शॉपला सीनियर इंजिनिअर होतो आणि तिथून असिस्टंट मॅनेजर व्हायला मला दोन प्रयत्न लागले. पहिल्यांदा मागितलं तेव्हा साहेब म्हणाले "बघू", आणि ते बघणं तिथेच संपलं. दुसऱ्यांदा मी नीट तयारी करून गेलो, तरी आधी नाहीच आलं, पण ते वेगळ्या प्रकारचं नाही होतं आणि त्यातूनच सहा महिन्यांनी काम झालं. आमच्या शॉपमधली दोन-तीन पोरं आता त्याच जागेवर उभी आहेत आणि रोज मला विचारतात की सर कधी बोलू, काय बोलू, म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय. मी प्रॉडक्शनचा माणूस, त्यामुळे उदाहरणं प्लांटचीच येतील. तुम्ही क्वालिटीला, मेंटेनन्सला किंवा स्टोअरला असाल तर आकडे बदलतील, रस्ता साधारण हाच.

१. आधी शोधा: तुमच्याकडे प्रमोशन ग्रेडने होतं की जागेने

हे माहीत नसल्यामुळे माझं एक अख्खं वर्ष गेलं. काही ग्रेड अशा असतात की तिथे काम तेच राहतं आणि अमुक वर्षं झाली, रेटिंग चांगलं असलं की पुढची ग्रेड मिळते, म्हणजे इंजिनिअरचा सीनियर इंजिनिअर. पण सीनियर इंजिनिअरवरून असिस्टंट मॅनेजर होताना बऱ्याच ठिकाणी जागा मंजूर असावी लागते, म्हणजे डिपार्टमेंटच्या चार्टमध्ये तो डबा रिकामा पाहिजे किंवा नवीन डबा मंजूर करून घ्यायला पाहिजे. जागाच नसेल तर साहेबांनी कितीही मनापासून नाव पाठवलं तरी एचआरकडून परत येतं.

एचआरला सरळ विचारा, यात लपवण्यासारखं काही नाही: "माझ्या ग्रेडवरून पुढच्या ग्रेडला जायचा नियम काय, किमान किती वर्षं लागतात, शिक्षणाची अट आहे का, आणि जागा मंजूर असावी लागते का?" डिप्लोमावाल्यांनी शिक्षणाची अट तर नक्कीच विचारा. काही कंपन्यांमध्ये डिप्लोमावर एका ग्रेडच्या पुढे जाताच येत नाही आणि ते कोणी आपण होऊन सांगत नाही, माणूस वर्षानुवर्षं वाट बघत बसतो.

आणखी एक गोष्ट इथेच बघून घ्या, ओव्हरटाइम. सीनियर इंजिनिअरपर्यंत तुमच्याकडे ओटी मिळत असेल आणि असिस्टंट मॅनेजरला बंद होत असेल, तर मागच्या बारा महिन्यांच्या स्लिपा काढून ओटीची सरासरी काढा. महिन्याला सात हजार ओटी येत असेल आणि प्रमोशनला सहा हजार वाढ मिळणार असेल तर हातात येणारे पैसे कमी होणार. तरीही प्रमोशन घ्यावं असं माझं मत आहे, कारण पुढची दारं पदावर उघडतात, पण घरी आधी सांगून ठेवा आणि वाढ मागताना हा आकडा साहेबांसमोर ठेवा.

२. एकच रिझल्ट निवडा आणि तो फायनान्सपुढे टिकेल असा करा

पहिल्या वेळी मी सतरा मुद्द्यांची यादी घेऊन गेलो होतो. फाइव्ह एस केलं, कायझेन दिले, ट्रेनिंग घेतलं, दोन ऑडिटला बसलो वगैरे. साहेबांनी पान उलटंपालटं केलं आणि म्हणाले, हे सगळं तुझं कामच आहे ना. बरोबरच होतं त्यांचं. दुसऱ्या वेळी मी एकच मोठी गोष्ट नेली आणि तिच्या बाजूला दोन लहान.

मोठी गोष्ट होती हाउसिंगच्या लाइनवरचं रिजेक्शन. बोअरची पोझिशन बाहेर जात होती आणि ती कधी जाते याचा काही मेळ लागत नव्हता. आम्ही टूल बदलले, ऑफसेट दिले, दोन दिवस बरं आणि परत तेच. आमच्याकडे एक जुने ऑपरेटर काका आहेत, त्यांनी एका दुसऱ्या शिफ्टला मला मशीनपाशी बोलावलं, फिक्श्चरच्या रेस्टिंग पॅडवरून बोट फिरवलं आणि बोट माझ्यासमोर धरलं, त्याला बारीक चिप चिकटलेली होती. कास्टिंग त्या चिपवर बसायचं, क्लॅम्प झालं की किंचित तिरकं व्हायचं आणि बोअर सरकायचा. आम्ही पॅडची बैठक कमी केली, बाजूने चिप पडायला खाच दिली आणि प्रत्येक पीस लोड व्हायच्या आधी हवेचा फवारा बसवला. तीन महिन्यांत रिजेक्शन खाली आलं आणि खालीच राहिलं.

आता याचे पैसे कसे मांडायचे ते बघा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. मी आधी लिहिलं होतं, रिजेक्शन ४.१ टक्क्यांवरून १.९ वर आणलं. फायनान्समधल्या एका मित्राला कागद दाखवला तर त्याने पहिल्याच मिनिटात विचारलं, यात ब्लो होल धरलेत का? धरले होते. ब्लो होल हा कास्टिंगचा दोष, त्याचे पैसे आपण सप्लायरच्या नावावर टाकतो, ते कमी झाले तर ती माझी बचत कशी? ते काढल्यावर खरा आकडा उरला मशीनिंगचा: २.८ वरून १.१ टक्के. दिसायला लहान, पण याला कोणी हात लावू शकत नाही.

मग हिशोब असा:

- महिन्याला पीस २४,०००. २.८ टक्के म्हणजे ६७२ पीस रिजेक्ट, १.१ टक्के म्हणजे २६४. फरक ४०८ पीस.
- एका पीसचं नुकसान: कास्टिंग १८० रुपये, त्या ऑपरेशनपर्यंतचं मशीनिंग आणि टूल ४५ रुपये, त्यातून भंगाराचे ४० परत येतात. म्हणजे १८५ रुपये.
- महिन्याला ४०८ गुणिले १८५, म्हणजे ७५,४८० रुपये. वर्षाला ९,०५,७६०.
- फिक्श्चरचं काम आणि हवेची लाइन यावर झालेला खर्च ६२,०००. पहिल्या वर्षाची निव्वळ बचत ८,४३,७६०, म्हणजे साधारण ८.४ लाख.

कास्टिंगचा रेट आणि भंगाराचा रेट फायनान्सकडूनच घ्या, स्वतः अंदाजाने टाकू नका, कारण उद्या तोच माणूस प्लांट हेडच्या बाजूला बसलेला असतो. शक्य असेल तर कागदावर "आकडे फायनान्सने तपासले" एवढी एक ओळ आणि त्यांचा होकाराचा मेल जोडा. माझ्या अख्ख्या फाईलमध्ये सगळ्यात जास्त वजन त्या एका ओळीचं पडलं.

इथले तीन खड्डे:

सुरुवातीचा आकडा सगळ्यात वाईट महिन्याचा घेऊ नका. निदान तीन महिन्यांची सरासरी आधीची आणि तीन महिन्यांची नंतरची घ्या. एका महिन्यात नवीन ऑपरेटर होता म्हणून रिजेक्शन ५ टक्के गेलं असेल तर साहेबांना ते आठवत असतं, आणि एक आकडा फुगवलेला निघाला की बाकीचे खरे आकडेही पडतात.

दुसऱ्यांचा वाटा लिहा. मी कागदावर स्पष्ट लिहिलं होतं की चिपची गोष्ट ऑपरेटरने दाखवली, फिक्श्चरचं काम टूलरूमने केलं, आणि मी काय केलं तर डेटा वेगळा केला, ट्रायल लावली, तिन्ही शिफ्टला पद्धत बसवली. मला भीती होती की याने माझं काम लहान दिसेल. उलट झालं, साहेब म्हणाले असिस्टंट मॅनेजरने हेच करायचं असतं, दुसऱ्यांकडून काम काढून घ्यायचं.

तिसरा खड्डा डेटाचा. कस्टमरचं ड्रॉइंग, कॉस्ट शीट, सिस्टिमचे स्क्रीनशॉट स्वतःच्या पर्सनल मेलवर पाठवू नका. पुढे कुठे गेलात तर दाखवायला उपयोगी पडेल असं वाटतं, पण आयटीला ते दिसतं आणि त्यावरून थेट नोकरीवर बेतू शकतं. घरच्या डायरीत टक्के आणि तारखा लिहून ठेवा, कंपनीचे कागद कंपनीतच राहू द्या.

३. वरच्या पदाचं काम आधीच करताय हे दाखवा

रिझल्टने फक्त एवढं सिद्ध होतं की तुम्ही आत्ताच्या कामात चांगले आहात. वरच्या खुर्चीत चालाल का, हा प्रश्न वेगळा आहे आणि समोरच्याच्या डोक्यात तोच असतो. माझे दोन लहान मुद्दे याच्यासाठी होते. एक, साहेब तीन आठवडे गावी होते तेव्हा रोजची प्रॉडक्शन मीटिंग मी घेतली आणि त्या काळात एकही डिस्पॅच चुकला नाही. दोन, कस्टमर ऑडिटमध्ये आमच्या लाइनची उत्तरं मी दिली आणि निघालेले पाच पॉइंट मुदतीत बंद केले.

यासाठी असिस्टंट मॅनेजरच्या कामाची यादी एचआरकडून मागून घ्या. ती मिळाली नाही तर त्या पदावरच्या माणसाचा आठवडा नीट बघा. मग प्रत्येक कामासमोर प्रामाणिकपणे लिहा: करतो, थोडं करतो, केलेलं नाही. माझ्या "केलेलं नाही" मध्ये बजेट होतं. मी साहेबांना म्हटलं, पुढच्या वर्षाचं टूल बजेट मला तुमच्या हाताखाली करू द्या. त्यांचाही वेळ वाचला आणि माझी रिकामी जागा भरली.

४. टायमिंग: यादी बंद व्हायच्या आधी बोला

आपल्याकडच्या बहुतेक प्लांटमध्ये वर्ष एप्रिल ते मार्च. माणसाला वाटतं अप्रेझल मार्चमध्ये भरतात म्हणजे मार्चमध्ये बोलायचं. मी पहिल्या वेळी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बोललो. तेव्हा साहेबांच्या डोक्यात फक्त डिस्पॅच होता, आणि प्रमोशनची नावं तर फेब्रुवारीतच वर गेली होती. पत्र मे-जूनमध्ये हातात येतं म्हणून निर्णयही तेव्हाच होतो असं वाटतं, पण तो खूप आधी झालेला असतो.

साधारण क्रम असा असतो, तुमच्याकडे महिनाभर इकडेतिकडे होईल: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुढच्या वर्षाच्या मनुष्यबळाचा आणि खर्चाचा अंदाज सुरू होतो, जानेवारी-फेब्रुवारीत एचओडी नावं पाठवतात, मग सगळे एचओडी एकत्र बसून रेटिंग जुळवतात, मग मंजुरी, मग पत्र. त्या एकत्र बसण्याच्या मीटिंगमध्ये तुम्ही नसता, तुमची बाजू तुमचे साहेब मांडतात, आणि तिथे दुसऱ्या डिपार्टमेंटचेही लोक आपापली नावं घेऊन आलेले असतात. म्हणून तुमचा कागद तुमच्या साहेबांना तिथे वाचता आला पाहिजे.

मी दुसऱ्या वेळी हे तीन टप्प्यांत केलं. दिवाळी झाल्यावर पहिलं बोलणं, त्यात काही मागितलं नाही, फक्त म्हटलं, "सर, मला पुढच्या वर्षी असिस्टंट मॅनेजरसाठी विचारात घ्यावं अशी इच्छा आहे, तुम्हाला माझ्यात काय कमी वाटतं?" बजेटची गोष्ट तिथूनच निघाली. डिसेंबरच्या मध्यावर कागद दिला. आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फक्त विचारलं, नाव जातंय का.

वारसुद्धा बघा. आमच्याकडे गुरुवारी सुट्टी, त्यामुळे बुधवारी सगळे आठवड्याचं प्लॅन बंद करायच्या मागे आणि शुक्रवारी मशीन सुरू करायच्या गडबडीत. मी मंगळवारी दुपारी चहानंतरची वेळ आधी मागून घेतली. कस्टमरची कम्प्लेंट आलेली असेल तर ठरलेली वेळसुद्धा पुढे ढकला, स्वतःहून. कंपनीत कपात चालू असेल किंवा लाइन बंद पडायची चर्चा असेल तर मागणी थांबवा, कागद मात्र तयार ठेवा.

५. कागद एका पानाचा

सोबत ठेवायची कागदपत्रं एवढीच:

- मागच्या दोन अप्रेझलची रेटिंग आणि केआरए
- रिजेक्शनचा आधी-नंतरचा महिनावार तक्ता
- फायनान्सचा होकाराचा मेल
- ऑडिट पॉइंट बंद केल्याची नोंद, कस्टमरचा चांगला मेल असेल तर तो
- वरच्या पदाच्या कामाची यादी, समोर तुमची करतो/नाही अशी नोंद

ही सगळी मागे, आणि पुढे एकच पान. पानावर सगळ्यात वर मागणी, मग रिझल्ट तीन ओळीत, मग वरच्या पदाचं कोणतं काम करतो, मग काय शिकतोय. मेल तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण मजकूर साधारण असा ठेवा: "येत्या एप्रिलपासून असिस्टंट मॅनेजर पदासाठी माझा विचार व्हावा ही विनंती. हाउसिंग लाइनचं मशीनिंग रिजेक्शन २.८ वरून १.१ टक्के झालं आणि सहा महिने टिकलं आहे, पहिल्या वर्षाची निव्वळ बचत साधारण ८.४ लाख, आकडे फायनान्सने तपासलेले आहेत."

घरचा खर्च, लोन, मुलांची फी, अमक्याला मिळालं मग मला का नाही, यातलं काहीही त्या पानावर किंवा बोलण्यात आणू नका. खर्च खरा असतो, मला पण होता, पण साहेबांना वरच्या मीटिंगमध्ये ते सांगता येत नाही. आणि दुसऱ्याचं नाव घेतलं की चर्चा त्याच्यावर जाते, तुमच्यावर राहत नाही.

६. "नाही" आलं तर आधी ते कुठलं नाही आहे ते ओळखा

मला एप्रिलमध्ये इन्क्रिमेंट चांगलं आलं, प्रमोशन नाही. वाईट वाटलं, दोन दिवस मी कोणाशी काही बोललो नाही, आणि ते बरंच झालं कारण त्या दोन दिवसांत जे तोंडातून गेलं असतं ते परत घेता आलं नसतं. तिसऱ्या दिवशी साहेबांना तीन गोष्टी विचारल्या: नेमकं कशामुळे अडलं, निर्णय कोणाच्या हातात होता, आणि परत कधी बघता येईल.

उत्तर तीन प्रकारचं असू शकतं.

जागा नाही. माझं हेच होतं. यात तुमच्या कामाचा दोष नाही, त्यामुळे भांडून उपयोग नाही, जागा कुठे तयार होणार आहे ते शोधायचं. आमच्याकडे नवीन लाइन येणार होती. मी म्हटलं मला तिच्या उभारणीला टाका आणि ऑक्टोबरच्या मधल्या रिव्ह्यूला माझं नाव परत घ्या.

तयारी कमी आहे. मग नेमकं काय कमी ते मोजता येईल अशा शब्दांत काढून घ्या. "थोडी मॅच्युरिटी पाहिजे" याने काही कळत नाही. विचारा, सर, सहा महिन्यांनी काय दिसलं तर तुम्हाला वाटेल की आता झालं? दोन शिफ्टची जबाबदारी, एक कस्टमर स्वतः सांभाळणं, असं काहीतरी हातात धरता येण्यासारखं मिळेपर्यंत नम्रपणे विचारत राहा.

नियमातच बसत नाही. म्हणजे डिप्लोमाची अट वगैरे. इथे वाट बघण्यात अर्थ नाही. एक तर डिग्री करा, डिप्लोमावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि नोकरी करणाऱ्यांसाठीचे मान्यताप्राप्त कोर्सही आहेत, पण एचआरला आधी लेखी विचारा की ही डिग्री तुम्ही ग्रेडसाठी धराल का. नाहीतर बाहेर बघा, जिथे अट नाही.

कुठलंही नाही असो, बोलणं झाल्यावर त्याच दिवशी छोटा मेल टाका: "आजच्या चर्चेप्रमाणे नवीन लाइनची जबाबदारी मी घेत आहे आणि ऑक्टोबरमध्ये पदाबाबत पुन्हा विचार होईल, असं मी समजतो. काही चुकलं असेल तर कळवा." साहेब बदलतात, मध्येच सोडून जातात. आमचे साहेबही ऑगस्टमध्ये दुसऱ्या प्लांटला गेले आणि नवीन साहेबांसमोर माझ्याकडे दाखवायला तो मेलच होता.

७. बाहेरची नोकरी शोधताना

नाही आल्यावर बाहेर इंटरव्ह्यू देणं चुकीचं नाही, त्यातून तुमचा बाजारभावही कळतो. पण दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर टेबलावर ठेवायचं असेल तर खरंच जायची तयारी पाहिजे. नुसतं घाबरवायला ठेवलं आणि ते म्हणाले "शुभेच्छा", तर जावंच लागतं. आणि थांबवून घेतलं तरी पुढच्या वर्षी हा जाणाराच आहे असं धरून मोठी कामं दुसऱ्याला देतात, हे मी दोघांच्या बाबतीत बघितलंय.

राजीनामा टाकायच्या आधी जॉइनिंगची तारीख काढा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षांची सेवा लागते, आणि ती पूर्ण व्हायच्या थोडं आधी सोडणारी माणसं मी पाहिली आहेत. मूळ पगार आणि डीए मिळून ३०,००० असेल तर हिशोब ३०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे ८६,५०० च्या आसपास. थोडे महिने थांबून एवढे मिळत असतील तर नवीन कंपनीकडे जॉइनिंगची तारीख पुढची मागून बघा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर ट्रान्सफर करा.

८. पत्र हातात आलं की लगेच सही करू नका

ऑक्टोबरच्या रिव्ह्यूला माझं झालं. पत्र घेऊन मी केबिनच्या बाहेर आलो आणि आधी पद आणि ग्रेड दोन्ही बघितलं, कारण कधी कधी नाव असिस्टंट मॅनेजर आणि ग्रेड जुनीच ठेवतात, मग पगाराचा पट्टा जुनाच राहतो. मग तारीख बघितली, कुठल्या महिन्यापासून लागू, आणि मधल्या महिन्यांचा फरक मिळणार की नाही. मग वाढ मूळ पगारात दिली आहे की भत्त्यात. आणि शेवटच्या पानावर नोटीस पिरियड. आधी माझा एक महिना होता, नवीन पत्रात तीन महिने झाला होता. मी एचआरला विचारलं, दोन महिने करता येईल का. ते म्हणाले या ग्रेडला सगळ्यांना तीनच. ठीक आहे म्हटलं, पत्राची एक कॉपी घेतली आणि मग सही केली.